अंदाजे नुकसान: एक फक्त

तिसऱ्या मजल्यावरच्या पुनर्विमा विभागाच्या प्रमुख बाईंना सगळी कंपनी ‘फक्तबाई’ म्हणायची. तोंडावर म्हणायची नाही, एवढंच काय ते सौजन्य.

या नावामागे सहा वर्षांपूर्वी जळलेलं एक गोदाम होतं. नुकसान किती हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पण दावा संगणकात चढवताना रिकामी चौकट चालत नाही, संगणक रुसून बसतो. म्हणून या धंद्यातली जुनी रीत अशी, की खरा आकडा कळेपर्यंत चौकटीत ‘१’ टाकायचा आणि पुढे सवडीनं बदलायचा. बाईंनी तेच केलं. सवड मिळायच्या आतच संगणकानं आपणहून पुनर्विमा कंपनीला ईमेल धाडला: गोदाम संपूर्ण भस्मसात. अंदाजे नुकसान: एक फक्त. पलीकडच्यांनी तो वाचला, एकच्या रकमेला शोभेल अशा कप्प्यात टाकला, आणि चार महिन्यांनी खरा आकडा गेला तेव्हा ‘आम्हांला वेळेत धड कळवलंच नाही’ म्हणून हात वर केले. भांडण दोन वर्षं चाललं. शेवटी कंपनीनं पदरचे बारा कोटी भरले, सगळ्यांची पगारवाढ थांबली आणि बाईंना नाव मिळालं. पगारवाढ यथावकाश परत आली. नाव काही गेलं नाही.

तेव्हापासून बाई आकड्याला, विंचवाला भ्यावं तशा भीत. पुराव्याशिवाय आकडा म्हणून उच्चारायचा नाही. घरी पाहुणे किती येणार असं कुणी विचारलं तरी ‘निश्चित झालं की कळवते’ असं त्या म्हणत, आणि पाहुणे जेवून गेल्यावर मोजून सांगत.

घरात त्यांचे सासरे होते. मामंजी तारखात्यातून निवृत्त झालेले. तारखातंच निवृत्त होऊन जमाना लोटला होता, पण मामंजी अजून शब्द मोजून बोलत; जणू दर शब्दाला पैसे पडतात. सुनेचा धंदा त्यांनी पंचवीस वर्षांत निदान पन्नास वेळा समजावून घेतला होता.

“लोक तुमच्याकडे विमा उतरवतात.”

“हो मामंजी.”

“आणि तुम्ही घाबरून दुसऱ्याकडे उतरवता.”

“घाबरून नाही. झेपेल तेवढं आपण ठेवतो, वरचं मोठ्या कंपनीकडे देतो. त्याचे पैसे भरतो.”

“छत्रीला छत्री.” तीन शब्दही खर्च न करता मामंजी पुन्हा वर्तमानपत्रात शिरत.

त्या सोमवारी सकाळी नऊ चाळीसला बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे गाद्यांच्या कारखान्याचा मालक होता. फोमचे ठोकळे ओतायचे, कापायचे, खोळी शिवायच्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायच्या, असा तो कारखाना. रविवारी पहाटे आग लागली होती. सुट्टीचा दिवस, आत कुणी नव्हतं. पहारेकऱ्याचा डबा तेवढा जळला होता. मालकाचा आवाज बसलेला होता. “बाई, फोम आहे हो,” तो म्हणाला. “काडी लावायचा अवकाश असतो.”

बाईंनी सगळ्यात आधी घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं: नऊ चाळीस. कारण पुनर्विम्याच्या करारात एक कलम होतं, आणि गोदामाच्या प्रकरणानंतर ते बाईंना पाढ्यासारखं पाठ होतं. आगीत कुठल्याही एका ठिकाणी कंपनीनं स्वतः सोसायची हद्द चाळीस कोटी. त्यावरचं पुनर्विमा कंपनी सोसणार. पण ज्या नुकसानीचा अंदाज त्या हद्दीच्या निम्म्याला, म्हणजे वीस कोटींना टेकतोय, ती कंपनीला कळल्यापासून बहात्तर तासांच्या आत अंदाजासह कळवलीच पाहिजे. नाही कळवली, तर पुनर्विमा कंपनीवर जबाबदारी नाही. कलम एवढंच. त्यात ‘कृपया’ नव्हतं.

बहात्तर तास म्हणजे गुरुवार, सकाळचे नऊ चाळीस.

*

कंपनीचे मुख्याधिकारी होते सबुरीसाहेब. हे अर्थातच त्यांचं आडनाव नव्हे. कुठल्याही प्रश्नावर ते ‘जरा सबुरीनं घेऊ या’ म्हणत. एकदा म्हणे लिफ्ट अडकली तेव्हा आतूनही त्यांनी तेच सांगितलं होतं.

बुधवारी सकाळी त्यांनी बाईंना बोलावलं. टेबलावर कारखान्याचा फोटो होता, रस्त्यावरून काढलेला. डावीकडची इमारत बसलेल्या पोळ्यासारखी कोसळलेली. उजवीकडची मात्र ताठ उभी; पत्रा जागेवर, भिंतींना नुसता धूर लागलेला.

“मध्ये अग्निरोधक भिंत आहे,” साहेब म्हणाले. “भिंतीत अग्निरोधक दार आहे. आग लागली की ते आपोआप बंद होतं. म्हणजे जळलं ते डावीकडचं. कच्चा माल आणि फोम ओतायचा विभाग. सर्व्हेअरनं काल फोनवर त्याचाच हिशेब दिला. किती?”

“एकोणीस कोटी. पण ते फक्त डावीकडचं. उजवीकडे कालपर्यंत आत जाऊ देत नव्हते, राख तापलेली होती.”

“फक्त,” साहेबांनी शब्द चघळला. मग त्यांना तो कुणासमोर उच्चारलाय हे आठवलं आणि ते चष्मा पुसू लागले. “तर एकोणीस. वीसच्या आत. म्हणजे कळवायची गरजच नाही.”

“साहेब, उजवीकडे काय आहे ते पाहिल्याशिवाय...”

“सोमवारी काय आहे ते माहितीय ना?”

बाईंना माहीत होतं. सोमवारी पुनर्विमा कंपनीचे लोक येणार होते. पुढच्या वर्षाचा करार, नवे दर. पाच वर्षं मोठी आग नाही, या एका भांडवलावर साहेब दर खाली आणणार होते आणि संचालकांना तसा शब्दही देऊन बसले होते.

“सोमवारी सह्या होऊ देत,” साहेब म्हणाले. “मग मंगळवारी खुशाल पाहा उजवीकडचं. आकडा वाढला तर वाढला. प्राथमिक अंदाज तो! एकोणीस-वीसचा तर फरक.”

“गाय आजारी आहे हे माहीत असून बाजारात उभी करायची?”

“आजारी आहे हे कुठं माहीत आहे? डॉक्टरला बोलावलंच नाही अजून!” आपल्या युक्तिवादावर साहेब स्वतःच खूश झाले. “सबुरी, बाई. आकड्याच्या बाबतीत घाई केली की काय होतं, ते तुम्हांला मी सांगायचं?”

हा टोला नेमका बसला. खोलीबाहेर येताना बाईंचे कान तापले होते. पुराव्याशिवाय आकडा नाही, हाच तर आपला नियम. आणि साहेब तोच नियम आपल्याच गळ्यात बांधत होते. मुद्दाम पुरावा गोळा करायचा नाही, म्हणजे आकडाही नाही. सहा वर्षं आपण ज्याला काळजी समजत होतो, ते दुसऱ्याच्या किती सोयीचं असतं, हे बाईंना प्रथमच कळलं.

त्या जागेवर येऊन बसल्या नाहीत. पर्स उचलली, सर्व्हेअरला फोन लावला आणि म्हणाल्या, “डॉक्टर, पेशंट बघायला निघायचंय.”

“मी डॉक्टर नाही,” सर्व्हेअर म्हणाला.

“आज आहात. या.”

*

सर्व्हेअर हा उंच, वाळका, अतिशय सावध गृहस्थ होता. नुकसानीचा अंदाज घेणं हाच त्याचा व्यवसाय, आणि अंदाज न देणं ही त्याची कला. गाडीत तासभर तो म्हणत होता, “मलबा उपसल्याशिवाय काही सांगता येत नाही.” पाऊस पडेल का विचारलं असतं तरी बहुधा त्यानं हेच सांगितलं असतं.

कारखान्याच्या फाटकाशी जळक्या प्लॅस्टिकचा आंबट वास घशाला लागत होता. कामगार रस्त्यापलीकडे घोळक्यानं उभे होते. मालक पुढे आला. तीन दिवस त्याच शर्टात असावा. त्यानं सगळ्यांना टोप्या आणि बूट दिले. बाईंना दिलेले बूट इतके मोठे होते की त्या चालायला लागल्यावर बूट थोड्या वेळानं निघत.

डावीकडच्या इमारतीत पाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं. वाकलेले खांब, काळी चिकट ढेप, आणि मध्येच एक खुर्ची, धडधाकट. आग कधी कधी अशी थट्टा करते.

“आता दार,” बाई म्हणाल्या.

मधली भिंत शाबूत होती. दार मोठं, लोखंडी, उतरत्या रुळावर लटकवलेलं. त्याची रचना साधी असते. एक वजन दाराला उघडं धरून ठेवतं, आणि त्या साखळीत एक कडी अशा धातूची असते की उष्णता लागली की ती वितळते. कडी तुटली की दार आपल्याच भारानं रुळावरून घसरत येऊन बंद होतं. ना वीज लागते, ना माणूस.

कडी वितळली होती. दार घसरलंही होतं. पण अर्ध्या वाटेत थांबलं होतं. सर्व्हेअर वाकला, विजेरी मारली, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

“काय आहे?” बाईंनी विचारलं.

“अग्निशामक.”

“अहो, ते तर रविवारीच येऊन गेले.”

“माणसं नव्हे. नळकांडं.”

दाराच्या खाली, रुळाला खेटून, आग विझवायचं लाल नळकांडं आडवं पाचरीसारखं बसवलेलं होतं. आता ते लाल नव्हतं. चेपून त्यात दाराची कड घट्ट रुतली होती.

मालकानं मान खाली घातली. “हातगाड्या सारख्या ये-जा करतात. दार जरा धक्क्यानं पुढे सरकायचं, अडचण व्हायची. मग कामगारांनी ते... मी दोनदा काढायला लावलं होतं.”

“आग अडवणारं दार, आग विझवणाऱ्या नळकांड्यानं उघडं ठेवलं,” सर्व्हेअर पुटपुटला आणि वहीत लिहून घेऊ लागला. तीस वर्षांत त्याला असं काही लिहायला मिळालं नसावं. अक्षर नेहमीपेक्षा सुबक येत होतं.

त्या फटीतून तिघं उजवीकडे गेली. बाहेरून ताठ दिसणारी इमारत आतून वेगळीच होती. छताखालच्या लोखंडी पट्ट्या भाजलेल्या पापडासारख्या वळल्या होत्या. तयार गाद्यांच्या थप्प्या वितळून एकमेकींत मिसळल्या होत्या. पण पलीकडच्या अर्ध्या भागात फोम कापायची आणि खोळी शिवायची यंत्रं रांगेनं उभी होती, नुसती काळी पडलेली.

“यंत्रं वाचली,” मालक आशेनं म्हणाला. “पुसली की झालं.”

सर्व्हेअरनं पिशवीतून कागदाच्या पट्ट्या काढल्या. यंत्रावरची काजळी ओल्या बोळ्यानं टिपली आणि बोळा पट्टीवर टेकवला. पट्टी लालभडक झाली. त्यानं दुसरं यंत्र पाहिलं, तिसरं, दहावं. सगळीकडे लाल.

“आम्ल,” तो म्हणाला. “प्लॅस्टिकच्या खोळी जळल्या की धुरात आम्ल उतरतं. वरून बंबाचं पाणी. आज पुसाल, यंत्र चमकेल. पंधरा दिवसांत आतल्या पट्ट्या न् तारा गंजून बसतील.”

बाईंनी एका यंत्राच्या उघड्या पेटीत डोकावून पाहिलं. तांब्याच्या तारांवर आताच हिरवट पूड धरली होती.

“आकडा?” त्या म्हणाल्या.

“मलबा उपसल्या...”

“डॉक्टर.” बाईंनी मोठाले बूट सर्व्हेअरसमोर रोवले. “मला शेवटचा आकडा नकोय. उद्या सकाळी नऊ चाळीसला, आज डोळ्यांनी दिसतंय त्यावर, एका शहाण्या माणसानं किती म्हटलं असतं, तेवढाच हवाय. चुकला तर आपण दुरुस्त करू. दुरुस्ती पाठवायची सोय आहे. न पाठवलेला ईमेल दुरुस्त करायची सोय नाही. ती मी सहा वर्षांपूर्वी शोधून पाहिली आहे.”

सर्व्हेअरनं बाईंकडे पाहिलं, मग यंत्रांच्या रांगेकडे. मग एका उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसून त्यानं कागद काढला. उजवीकडची इमारत अकरा. यंत्रं सव्वीस. माल दहा. मलबा हलवायचा खर्च दोन. एकूण एकोणपन्नास. त्यात डावीकडचे एकोणीस मिळवले.

“अडुसष्ट,” तो म्हणाला, आणि हा शब्द तोंडातून निसटल्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. “अठ्ठावन्न ते पंचाहत्तरच्या मध्ये कुठेही.”

“लिहून द्या.”

त्यानं लिहून दिलं. सहीच्या वर ‘मलबा उपसल्यावर बदलू शकेल’ असं घातलंच; सवय ती सवय.

*

संध्याकाळी बाई स्वयंपाकघराच्या टेबलावर मसुदा घेऊन बसल्या. कंपनीचा ठरलेला नमुना होता. त्याची सुरुवात अशी: ‘उभय कंपन्यांमधील प्रदीर्घ व सौहार्दपूर्ण संबंधांचे स्मरण करून आम्ही आपणांस नम्रपणे कळवू इच्छितो की...’ आग तिसऱ्या परिच्छेदात लागायची.

मामंजी पाणी प्यायला आले. कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला.

“कोण गेलं?”

“कुणी गेलं नाही. कारखाना जळला.”

“कुठं लिहिलंय?”

“खाली. तिसऱ्या परिच्छेदात.”

मामंजी खुर्ची ओढून बसले. म्हणजे आता शब्द खर्च होणार. “आमच्याकडे एक माणूस आला होता तार करायला. आजोबा वारलेले. नातवाला धक्का बसू नये म्हणून लिहिलं, ‘आजोबा बरे नाहीत, सवडीनं ये.’ मी म्हटलं, अहो, खरं काय ते लिहा. म्हणाला, हळूहळू कळू दे. नातू आठ दिवसांनी आला.” मामंजी थांबले. “फळांची करंडी घेऊन.”

बाईंना हसू आवरेना आणि मग एकदम आवरलं.

“वाईट बातमी पहिल्या ओळीत,” मामंजी म्हणाले. “क्षेमकुशल मागाहून. बरं, आकडा आहे का?”

“आहे. पण मामंजी, अंदाज आहे. चुकला तर?”

“तू तार करणारी. देव नाहीस.” मामंजी उठले. “आठ शब्द जास्त झाले आज,” असं म्हणत तांब्या घेऊन गेले.

बाईंनी सौहार्दपूर्ण संबंध खोडले.

*

गुरुवारी साडेआठला त्या सबुरीसाहेबांच्या दारात उभ्या होत्या. साहेबांनी सर्व्हेअरचा कागद वाचला. नळकांड्याच्या ओळीवर त्यांचे डोळे चमकले.

“दार उघडं ठेवलं होतं! मग प्रश्नच मिटला. विमेदाराची चूक. दावा फेटाळायचा. नुकसान शून्य! कळवायचं काय?”

“दावा देणं लागतो की नाही, ते नंतर ठरेल. वकील बघतील, पॉलिसीतल्या अटी बघतील. कळवलं म्हणजे दावा मान्य केला असं होत नाही. तसं आपण ईमेलमध्ये स्पष्ट लिहितो, आपले हक्क राखून ठेवतो. पण आपण फेटाळला, आणि वर्षभरानं कोर्टानं द्या म्हटलं, तर अडुसष्ट आपल्या एकट्याच्या खिशातून. कारण आपण वेळेत कळवलेलंच नसेल.”

साहेबांच्या डोळ्यांसमोरून अडुसष्ट कोटींचा खिसा गेला असावा. पण त्यामागोमाग सोमवारही गेला.

“सोमवारपर्यंत एकोणीस,” ते म्हणाले. “हा माझा निर्णय.”

“ठीक आहे.” बाईंनी फाइलमधून एक कागद काढला. “मी रात्रीच टाइप करून ठेवलाय. ‘सर्व्हेअरचा अडुसष्ट कोटींचा लेखी अंदाज पाहिल्यानंतर मुख्याधिकाऱ्यांच्या सूचनेनुसार नुकसान एकोणीस कोटी धरण्यात येत आहे व पुनर्विमा कंपनीस कळवण्यात येत नाही.’ खाली सही. तारीख आणि वेळही घाला साहेब, आठ चाळीस झालेत.”

साहेबांनी कागदाकडे असं पाहिलं की जणू त्याच्यावर ती सगळी काजळी आली होती.

“याची काय गरज आहे? आपलं तोंडी बोलणं झालं ना!”

“तोंडी माझ्या लक्षात राहत नाही. सहा वर्षांपूर्वी मला तोंडीच सांगितलं होतं, ‘एक टाका, बघू मागाहून.’ कोणी सांगितलं ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. नाव मात्र माझं पडलं.”

सहा वर्षांपूर्वी दावा विभागाचे प्रमुख कोण होते, हे त्या खोलीत दोघांनाही ठाऊक होतं. त्यांपैकी एक जण आता खिशात पेन शोधत होता. वरचा खिसा, कोटाचा खिसा, ड्रॉवर. टेबलावर चार पेनं होती.

“हे घ्या,” बाईंनी आपलं पुढे केलं.

“याची शाई निळी आहे.”

“काळं आहे माझ्याकडे.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, कॅलेंडरवरच्या सोमवारकडे पाहिलं. “मी सही करणार नाही,” ते शेवटी म्हणाले. “आणि तुमच्या ईमेलवरही माझी मंजुरी नाही. खात्यात वीस कोटींवरची तरतूद माझ्या सहीशिवाय होत नाही, हे तुम्हांला माहीत आहे.”

“तरतूद नाही होत. पण नुकसान कळवण्याचं काम करारात पुनर्विमा विभागप्रमुखाचं आहे. नावानिशी माझा पत्ता आहे तिथं. त्याला तुमची सही लागत नाही.” बाईंनी कागद परत घेतला, नीट घडी घातली. “तुम्ही लेखी मना केलंत तर नाही पाठवत. करता?”

साहेब म्हणाले, “सबुरीनं घ्या, बाई.”

“ते मना करणं आहे की नाही, सांगा.”

 साहेबांनी एक पेन उचललं आणि ते चालतं का पाहण्यासाठी पॅडवर रेघा मारू लागले. पेन छान चालत होतं.

*

नऊ वाजून एका मिनिटानं बाई आपल्या जागेवर बसल्या. संगणकात दावा चढवला. चौकटीत, मधल्या काळात संगणकालाही ती रीत शिकवल्यामुळे, आपोआप ‘१’ उगवला. बाईंनी तो पुसला. संगणक रुसला. त्यांनी त्याचा रुसवा तसाच ठेवला आणि ईमेल स्वतः हातानं लिहायला घेतला. विषयाच्या ओळीत करार क्रमांक, आणि पुढे: मोठी आग, प्राथमिक नुकसान सूचना.

‘गाद्यांच्या कारखान्याच्या दोन्ही इमारतींचे आगीत मोठे नुकसान झाले आहे. विम्याची एकूण रक्कम ११० कोटी. पूर्ण, म्हणजे शंभर टक्के नुकसानीचा प्राथमिक अंदाज ६८ कोटी. आमची हद्द ४० कोटी; करारावर येणारी अंदाजे रक्कम २८ कोटी.’

पहिली ओळ झाली. आता क्षेमकुशल. आग रविवारी पहाटे. आम्हांस सोमवारी नऊ चाळीसला समजले. जीवितहानी नाही. कारण तपासाधीन. इमारती सतरा, यंत्रं एकोणतीस, माल वीस, मलबा दोन. अंदाज अठ्ठावन्न ते पंचाहत्तरमध्ये बदलू शकतो. मुख्य अनिश्चितता यंत्रांवरील आम्लयुक्त काजळीची. उत्पादन बंद राहण्याचा विमा आमच्याकडे नाही. सर्व्हेअरचा अहवाल व फोटो जोडले आहेत. दावा मान्य केलेला नाही. सर्व हक्क राखीव. पुढील माहिती चौदा दिवसांत.

मग बोटं थांबली. नळकांडं. ते लिहायचं की पुढच्या अहवालासाठी ठेवायचं? नुसतं ‘कारण तपासाधीन’ म्हटलं तरी आज चालून गेलं असतं. मग पलीकडचे लोकही त्या नातवासारखे आठ दिवसांनी फळांची करंडी घेऊन आले असते.

त्यांनी लिहिलं: ‘मधले अग्निरोधक दार बंद होऊ शकले नाही. दाराखाली अग्निशामक नळकांडे पाचर म्हणून लावलेले आढळले. फोटो क्रमांक सात.’

नऊ वाजून सतरा मिनिटांनी त्यांनी बटण दाबलं. मग पाठवलेल्या ईमेलमध्ये जाऊन आकडा पुन्हा पाहिला. सहा आणि आठ. पुन्हा पाहिला. तरी सहा आणि आठ. पोच मागवली होती; ती नऊ चोवीसला आली. बाईंनी ती छापून फाइलला लावली आणि फाइल मांडीवर घेऊन, नऊ चाळीस वाजून जाईपर्यंत, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसून राहिल्या.

अकराला फोन आला. पलीकडे पुनर्विमा कंपनीच्या दावा विभागाचे प्रमुख. गोदामाच्या भांडणात दोन वर्षं त्यांनीच बाईंची उलटतपासणी घेतली होती. आवाज ओळखीचा होता, जसा दातांच्या डॉक्टरचा असतो.

“ईमेल मिळाला,” ते म्हणाले. “आमचा माणूस उद्या जागेवर येतोय. तुमच्या सर्व्हेअरबरोबर जाईल. चालेल ना?”

“चालेल. बूट आणायला सांगा. तिथले मोठे आहेत.”

ते हसले. मग जरा थांबून म्हणाले, “बाई, ती आग रविवारीच बातम्यांत दाखवली होती. धूर चार गावांवरून दिसत होता. आम्ही आमचा अंदाज मंगळवारीच काढून ठेवला. सत्तर. आणि वाट बघत बसलो, तुमच्याकडून काय येतंय याची. इथं पैज लागली होती. एक जण म्हणाला एकोणीस येईल.”

“आणि दुसरा?”

“दुसरा म्हणाला, एक फक्त.”

बाईंनी डोळे मिटले. “तुम्ही कशावर लावली होती?”

“मी पैजा लावत नाही, मी दाव्यांत आहे.” ते पुन्हा गंभीर झाले. “वेळेत आला, पूर्ण आला, नळकांड्यासकट आला. करार लागू आहे. मी तसं आजच लेखी पाठवतो. दर मात्र वाढतील, ते सोमवारी तुमच्या साहेबांना मी नाही, आमचे दुसरे लोक सांगतील.”

“लेखी पाठवा,” बाई म्हणाल्या. “तेवढंच पुरे.”

*

दर वाढले. सबुरीसाहेबांनी संचालकांना तसं सांगितलं, आणि हेही सांगितलं की ‘आम्ही’ पहिल्याच आठवड्यात पूर्ण पारदर्शकपणे कळवल्यामुळे अठ्ठावीस कोटी शाबूत राहिले. ‘आम्ही’ म्हणताना त्यांनी छातीला हात लावला. बिनसहीचा तो कागद बाईंच्या फाइलमध्ये होता. आणि तो तिथं आहे हे साहेबांना ठाऊक होतं. वीसच्या वरची तरतूद त्याच दिवशी मंजूर झाली. निळ्या शाईत.

चौदाव्या दिवशी दुसरा अहवाल गेला, एकाहत्तरचा. बाईंनी तो मजेत पाठवला, जसा कुणी भाजीत मीठ वाढवावं तसा. वकिलांनी पॉलिसी तपासली; दाराबद्दल त्यात सक्तीची अट नव्हती. मालकाला पहिला हप्ता मिळाला तेव्हा त्यानं फोन करून सांगितलं की नव्या दाराला साखळी न् कुलूप लावून किल्ली त्यानं स्वतःजवळ ठेवली आहे. “अहो, मग ते आग लागल्यावर बंद कसं होणार?” बाईंनी विचारलं. पलीकडे किल्ली खुळखुळली.

बाईंनी संगणक विभागाकडे एक अर्ज मात्र धाडला: नुकसानीच्या चौकटीत आपोआप ‘१’ येऊ नये, आकडा भरल्याशिवाय पुनर्विमा कंपनीला ईमेल जाऊ नये. अर्ज मंजूर व्हायला सात आठवडे लागले.

तो मंजूर झाला त्या रात्री मामंजींनी विचारलं, “रविवारी पाहुणे किती?”

बाईंनी पानं घेता घेता क्षणभर हात थांबवला. “नऊ,” त्या म्हणाल्या. “आठ ते अकरा.”

मामंजींनी वर्तमानपत्र खाली केलं, सुनेकडे पाहिलं.

“तार पोचली,” ते म्हणाले.